चार माणसं, तीन अदृश्य सांधे

मोबाइलच्या कळफलकावर शेतकरी बाईचं एक चित्र आहे: 👩‍🌾. बोटाच्या एका स्पर्शात ते उमटतं, एका अक्षराची जागा घेतं आणि पलीकडच्या माणसालाही एकच चित्र म्हणून दिसतं. फोनच्या आत मात्र शेतकरी बाई नावाचं एकही चिन्ह नाही. तिथे तीन निरनिराळी चिन्हं एकापाठोपाठ साठवलेली असतात. पहिलं बाईचं, शेवटचं भाताच्या लोंबीचं, आणि मधलं असं की जे पडद्यावर कधी दिसतच नाही.

```
👩   U+1F469
     U+200D
🌾   U+1F33E
```

U+ पुढचे हे आकडे युनिकोडचे क्रमांक आहेत. जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला युनिकोडने एक कायमचा क्रमांक दिला आहे, आणि संगणक मजकूर साठवतो तो या क्रमांकांच्या रूपात. आपल्या ‘क’चा क्रमांक 0915, ‘य’चा 092F. वरच्या तीन ओळींतला मधला 200D हा ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाच्या चिन्हाचा क्रमांक. त्याला स्वतःची रुंदी नाही, आकार नाही. आपल्या दोन्ही बाजूंच्या चिन्हांना जोडून दाखवता येत असेल तर दाखवावं, एवढंच ते मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला सांगतं. या लेखात त्याला ‘जोडक’ म्हणू.

हा जोडक इमोजीसाठी घडवलेला नाही. युनिकोडमध्ये तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, म्हणजे इमोजी तिथे येण्याच्या बऱ्याच आधीपासून. त्याची गरज होती ती अरबी आणि भारतीय लिप्यांना, कारण या लिप्यांमध्ये शेजारच्या अक्षराप्रमाणे अक्षराचं रूप पालटतं. मराठी वाचकाने तर तो नकळत हजारो वेळा पाहिला आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दोन्हींत र अर्धा आहे आणि त्याच्यापुढे य आहे, पण पहिल्यात र डोक्यावरचा रफार होतो आणि दुसऱ्यात तो य च्या अलीकडे आडवा, पापणीसारखा बसतो. संगणकाला र, हलन्त आणि य एवढंच दिलं तर तो ठरल्या रीतीप्रमाणे रफार काढतो. मराठीला हवा असलेला दुसरा र काढायचा तर हलन्तानंतर जोडक घालायचा, ही एक पद्धत आहे.

```
दर्या    0926 0930 094D 092F 093E
दर्‍या   0926 0930 094D 200D 092F 093E
```

दुसऱ्या ओळीत एकच आकडा जास्त आहे, आणि तो तोच आहे जो बाई आणि लोंबीच्या मधे बसला होता. हीच जोडणी करण्याची आणखी एक पद्धत मराठीत आहे, तिच्याकडे शेवटी येऊ. इथे लक्षात घ्यायचं ते असं, की इमोजींना एकत्र गुंफण्यासाठी नवं यंत्र बनवावं लागलं नाही. अक्षरं जोडण्याचं जे यंत्र देवनागरीसारख्या लिप्यांसाठी आधीच चालू होतं, त्यातच चित्रं घातली गेली.

ते यंत्र राहतं फॉन्टमध्ये. फॉन्ट म्हणजे आकृत्यांची फाइल. तिच्यात प्रत्येक क्रमांकाची आकृती असते, आणि शिवाय एक बदलांची यादी असते. अमुक क्रमांक या क्रमाने आले तर त्यांच्या आकृत्या बाजूला ठेवून ही एक आकृती काढा, अशा नोंदी त्या यादीत असतात. क, हलन्त आणि ष आले की क्ष ची आकृती निघते ती अशाच एका नोंदीमुळे. अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ‘हार्फबझ’ नावाचा मांडणी करणारा प्रोग्रॅम ही यादी वाचतो. इमोजीच्या फॉन्टमध्ये ‘1F469, 200D, 1F33E’ अशी नोंद असली की तीन चिन्हांच्या जागी टोपी घातलेली, हातात लोंबी धरलेली बाई येते. ती आकृती आयती रंगवून ठेवलेली असते. संगणक बाईच्या हातात लोंबी देत नाही, तो फक्त नोंद शोधतो आणि तिच्यासमोरचं चित्र उचलतो.

नोंद सापडली नाही तर काय होतं, यात या योजनेचं खरं शहाणपण आहे. जुन्या फोनच्या फॉन्टला शेतकरी बाई माहीत नसते. पण बाई माहीत असते, भाताची लोंबी माहीत असते, आणि जोडक दिसायचाच नसतो. त्यामुळे तिथे 👩🌾 अशी दोन चित्रं शेजारी शेजारी उमटतात. पाठवणाऱ्याच्या मनात काय होतं याचा अंदाज वाचणाऱ्याला करता येतो. हेच चित्र नव्या क्रमांकाचं एकच चिन्ह असतं, तर जुन्या फोनवर रिकामा चौकोन दिसला असता, आणि रिकाम्या चौकोनावरून कुणालाच काही कळत नाही. शिवाय नवा क्रमांक मिळवायला युनिकोडच्या प्रक्रियेत बराच काळ जातो. जोडणीला नवा क्रमांक लागत नाही, फक्त फॉन्टमध्ये एक नोंद आणि एक चित्र वाढवावं लागतं.

व्यवसायांच्या बाबतीत याचा मोठा उपयोग झाला. २०१०मध्ये युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत जपानी मोबाइल कंपन्यांची इमोजी आली, तेव्हा माणसांची चित्रं थोडी होती आणि ती ठरावीक साच्याची होती. पोलीस, बांधकाम कामगार, पहारेकरी ही बहुतेक कंपन्यांनी पुरुष म्हणून काढली. बायकांच्या वाट्याला नवरी, राजकन्या, नर्तकी आणि केस कापून घेणारी, अशी चित्रं आली. मे २०१६मध्ये गूगलच्या चौघांनी युनिकोडपुढे एक प्रस्ताव ठेवला. त्यांतले एक मार्क डेव्हिस हे युनिकोडच्या संस्थापकांपैकी. कामाला असलेल्या बाईचं चित्र हवं, आणि त्यासाठी बाई किंवा पुरुष, मधे जोडक आणि पुढे कामाची खूण अशी रचना करावी, असं त्यांनी सुचवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इमोजीची चौथी आवृत्ती निघाली, आणि तिच्यात सोळा व्यवसाय स्त्री व पुरुष अशा दोन्ही रूपांत होते.

त्या खुणांची निवड बघण्यासारखी आहे. चिन्ह आधीच युनिकोडमध्ये असलं पाहिजे आणि नुसतं शेजारी ठेवलं तरी अर्थ पोचला पाहिजे, अशा दोन अटी सांभाळायच्या होत्या. आचाऱ्याला तव्यावरचं अंडं मिळालं, वैज्ञानिकाला सूक्ष्मदर्शक, अंतराळवीराला अग्निबाण, अग्निशामक जवानाला त्याचा बंब. शिक्षकाला मिळाली शाळेची इमारत. न्यायाधीशाचा तराजू आणि वैद्यकीय सेवकाचा सापाचा विळखा असलेला दंड ही चिन्हं मुळात इमोजी नव्हती. ती साध्या मजकुरात काळ्या रेषांनी छापली जाणारी जुनी चिन्हं. म्हणून त्यांच्या मागे FE0F हे आणखी एक न दिसणारं चिन्ह लावावं लागतं. अलीकडचं चिन्ह रंगीत काढा, असं ते सांगतं. वैमानिक बाई लिहायची तर बाई, जोडक, विमान आणि हा FE0F, असे चार क्रमांक होतात. शेवटचा गळाला तर काही ठिकाणी वैमानिक दिसते आणि काही ठिकाणी बाईच्या शेजारी विमान दिसतं.

त्वचेचा रंग असेल तर एक क्रमांक वाढतो. त्वचारोगतज्ज्ञ वापरतात त्या फिट्झपॅट्रिक श्रेणीवरून पाच छटा २०१५मध्ये युनिकोडने घेतल्या. श्रेणीत पायऱ्या सहा आहेत, त्यांतल्या सर्वांत उजळ अशा पहिल्या दोन एकत्र केल्या. छटेला जोडक लागत नाही, ती माणसाच्या चिन्हामागे थेट चिकटते. पण तिची जागा ठरलेली आहे. आधी बाई, मग छटा, मग जोडक, मग लोंबी. छटा लोंबीच्या मागे लावली तर यादीत तशी नोंदच नसते, आणि मग शेवटी रंगाचा एक सुटा चौकोन उमटतो.

व्यवसायात एकच माणूस आहे म्हणून हे सगळं निभावतं. कुटुंबात तेच गणित हाताबाहेर गेलं.

२०१०मध्ये कुटुंबाचं एकच चिन्ह होतं, एका क्रमांकाचं: आई, वडील आणि मूल. एप्रिल २०१५मध्ये अ‍ॅपलने आयफोनच्या ८.३ या आवृत्तीत जोडक वापरून निरनिराळी कुटुंबं आणली. दोन आयांचं, दोन वडिलांचं, दोन मुलींचं, दोन मुलग्यांचं. त्याच वर्षी युनिकोडच्या यादीतही ती गेली, आणि २०१६मध्ये एकट्या आईची आणि एकट्या वडिलांचीही भर पडली. आई, वडील, मुलगी आणि मुलगा हे चौघांचं कुटुंब आत असं असतं:

```
👨   U+1F468
     U+200D
👩   U+1F469
     U+200D
👧   U+1F467
     U+200D
👦   U+1F466
```

चार माणसं आणि तीन सांधे, मिळून सात चिन्हं. इथेही क्रम ठरलेला आहे. पुरुष आधी, मग बाई, मग मुलगी, मग मुलगा. बाईला आधी लिहिलं तर ती जोडणी व्याकरणाने चूक नाही, पण ती शिफारस केलेल्या यादीत नाही. म्हणून फॉन्टमध्ये तिची नोंद असेलच असं नाही, आणि मग कुटुंब विखुरतं. हा फरक महत्त्वाचा आहे. युनिकोडच्या नियमाप्रमाणे कोणतंही इमोजी कोणत्याही इमोजीला जोडून लिहायला मुभा आहे. ते एकत्र दिसेल की नाही, हे मात्र फॉन्ट बनवणारी कंपनी ठरवते, आणि कंपन्या साधारणपणे युनिकोडच्या शिफारशींच्या यादीपुरतंच काढतात. आजीचं इमोजी आहे, मुलीचं आहे. आजी, जोडक आणि मुलगी असं लिहून पाठवलं तर संदेशात काहीही बिघाड नसतो. तरीही आजी आणि नात शेजारी शेजारी उभ्या राहतात, एका चित्रात येत नाहीत. त्या यादीतलं कुटुंब म्हणजे एक किंवा दोन मोठी माणसं आणि एक किंवा दोन मुलं. तीन पिढ्या एका छपराखाली राहतात, ही गोष्ट तिच्यात मावलीच नाही. मला ही त्या यादीतली खरी उणीव वाटते, कारण जोडणीच्या तंत्राला आजी वर्ज्य नव्हती.

अशी किती कुटुंबं काढावी लागतील, हे मोजून पाहू. मोठ्या माणसांच्या जोड्या तीन: पुरुष आणि बाई, दोन पुरुष, दोन बायका. मुलांचे प्रकार पाच: एक मुलगी, एक मुलगा, दोन मुली, दोन मुलगे, मुलगी आणि मुलगा. यांची पंधरा कुटुंबं झाली. एकट्या पुरुषाची पाच आणि एकट्या बाईची पाच धरून पंचवीस. एवढी चित्रं काढणं सहज शक्य होतं आणि ती निघालीही. मग लोकांनी रास्त प्रश्न विचारला. शेतकरी बाईला त्वचेचा रंग देता येतो, तर कुटुंबालाच पिवळं का ठेवलं आहे?

प्रत्येक माणसाला पाच छटा दिल्या आणि घरातल्यांचे रंग वेगवेगळे असू शकतात हे मान्य केलं, तर चौघांच्या एका कुटुंबाची पाच गुणिले पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे ६२५ रूपं होतात. तिघांच्या कुटुंबाची १२५ आणि दोघांच्या कुटुंबाची २५. दोन पालकांच्या प्रत्येक जोडीमागे तिघांची दोन आणि चौघांची तीन कुटुंबं आहेत, म्हणजे २५० अधिक १,८७५, एकूण २,१२५. अशा तीन जोड्यांची ६,३७५. एकट्या पालकांची ८५०. सगळी बेरीज ७,२२५. हे फक्त त्या पंचवीस प्रकारांचं झालं, आणि यात आजी अजून आलेलीच नाही. ही हजारो चित्रं फॉन्टमध्ये राहणार, फोनची जागा खाणार, आणि ती निवडायची कशी हा प्रश्न कळफलकापुढे उभा राहणार. मायक्रोसॉफ्टने २०१६मध्ये विंडोजमध्ये हे करून दाखवलं होतं. तिथला फॉन्ट आयतं चित्र उचलत नसे. एकेका माणसाचे तुकडे मांडून तो कुटुंब रचत असे, आणि अशी बावन्न हजारांहून जास्त कुटुंबं त्यातून निघत. पण ती त्यांच्याच संगणकावर दिसत. दुसऱ्या फोनवर पोचली की चार सुटी डोकी.

२०२३च्या सप्टेंबरमध्ये, इमोजीच्या १५.१ या आवृत्तीत, युनिकोडने वेगळी वाट धरली. एक किंवा दोन मोठी माणसं आणि एक किंवा दोन मुलं, अशा फक्त चार नव्या जोडण्या आल्या. त्यांत स्त्री-पुरुष हा भेद नाही आणि रंगही नाही, नुसत्या सावलीसारख्या आकृत्या आहेत. जुनी पंचवीस कुटुंबंही तशीच सावलीरूपात काढावीत, असा सल्ला देण्यात आला. मार्च २०२४मध्ये आयफोनच्या १७.४ आवृत्तीने तो अमलात आणला. जोडणीचा स्वभाव इथे फार स्पष्ट दिसतो. जुन्या संदेशांतले क्रमांक जसेच्या तसे राहिले, त्यांतली सातही चिन्हं शाबूत आहेत. बदलली ती फक्त फॉन्टमधल्या नोंदीसमोरची आकृती. त्यामुळे २०१६मध्ये कुणी पाठवलेलं रंगीत, चेहऱ्यांचं कुटुंब आज त्याच संभाषणात चेहरे नसलेलं दिसतं, आणि हे पाठवणाऱ्याला कुणी विचारलेलं नाही. सात हजार चित्रांचं गणित मला पटतं. तरीही सुटसुटीतपणासाठी चेहरेच पुसणं ही मोठी किंमत आहे, असं मी मानतो.

त्याच आवृत्तीत जोडकाने दुसरीकडे मात्र झटपट कामं केली. पक्षी आणि आग जोडून राखेतून उठणारा फिनिक्स झाला, पिवळं लिंबू आणि हिरवा चौकोन जोडून हिरवं लिंबू झालं. जुन्या फोनवर ही जोडणी पोचली की 🍋🟩 असं दिसतं, आणि काहीतरी सुटून पडलं आहे हे लगेच ओळखता येतं.

सुटून पडण्याची कारणं मात्र दरवेळी जुना फॉन्ट हेच नसतं. पुष्कळदा मधलं सॉफ्टवेअर मोजण्यात चुकतं. माणसाच्या लेखी चौघांचं कुटुंब हे एक चित्र. पायथन या भाषेत त्याची लांबी विचारली तर उत्तर ७ येतं, कारण ती क्रमांक मोजते. जावास्क्रिप्टमध्ये तेच ११ येतं. तिथे मजकूर सोळा बिटांच्या घरांत ठेवलेला असतो. प्रत्येक माणसाला दोन घरं लागतात आणि प्रत्येक जोडकाला एक. फाइलमध्ये नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवलं तर हेच कुटुंब २५ बाइट घेतं. एसएमएस तर मराठी मजकुराला मुळातच सत्तर घरांत बसवतो, त्यांतली अकरा घरं या एका चित्रात जातात. ट्विटरवरही पूर्वी असं कुटुंब भरपूर जागा खात असे. २०१८मध्ये त्यांनी कोणतंही इमोजी दोन अक्षरांइतकं धरायला सुरुवात केली.

हिशेबाचा हा फरक त्रास देतो तो मजकूर तोडताना. नाव लिहायच्या चौकटीत दहाच घरांची मर्यादा असेल आणि सॉफ्टवेअर दहाव्या घरावर आंधळेपणाने कापत असेल, तर आई, वडील आणि मुलगी राहतात, आणि मुलाच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा चौकोन येतो, कारण त्याच्या दोन घरांपैकी एकच उरलेलं असतं, आणि ते एकटं निरुपयोगी. काही ठिकाणी खोडण्याची कळ दाबली की अख्खं कुटुंब न जाता शेवटचा मुलगा तेवढा जातो, पुन्हा दाबली की मुलगी. कापायचं कुठे हे ठरवण्यासाठी युनिकोडने नियम दिले आहेत. दोन्ही बाजूंना इमोजी असलेल्या जोडकाजवळ मजकूर तोडायचा नाही, हा त्यांतलाच एक. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी `Intl.Segmenter` आहे, आणि स्विफ्ट ही भाषा मुळातच कुटुंबाची लांबी १ सांगते.

मराठी मजकुराला आणखी मोठा धोका सफाईचा आहे. न दिसणारी चिन्हं फसवणुकीसाठी वापरता येतात. दिसायला सारखी पण आतून वेगळी दोन नावं तयार करता येतात. म्हणून अनेक कार्यक्रम मजकूर घेतानाच अशी सगळी चिन्हं काढून टाकतात. जोडक गेला की शेतकरी बाईची बाई आणि लोंबी होते, आणि मराठीत दऱ्यांचा दर्या होतो. इमोजी तुटलेलं डोळ्यांना लगेच दिसतं. डोंगराच्या वर्णनात समुद्र आला, तर तो मुद्रितशोधकाच्या नजरेतूनही निसटू शकतो, कारण तोही शब्द शुद्धच असतो.

या संकटातून सुटायची मराठीपुरती वाट म्हणजे ती आधी सांगायची राहिलेली दुसरी पद्धत. युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, त्याचा क्रमांक 0931. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून J दाबलं की ते येतं. त्यापुढे हलन्त आणि य दिला की जोडकाशिवायच दऱ्या उमटतं, आणि कोणत्याही सफाईतून ते सुखरूप बाहेर येतं. पण दोन्ही पद्धतींनी लिहिलेले शब्द डोळ्यांना एकच दिसले तरी संगणकाला वेगळे असतात. संग्रहातला एक लेख जोडकाने टंकलेला आणि दुसरा 0931 ने टंकलेला असेल, तर ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधताना त्यांतला एकच सापडतो. शोधण्याआधी दोन्ही रूपं एका पद्धतीत आणणं एवढाच त्यावर उपाय आहे, आणि तो मराठीसाठी काम करणाऱ्याने स्वतःहून करावा लागतो. मराठी मजकूर घेणारी कोणतीही प्रणाली तपासायची असेल तर तिच्यात दोनच गोष्टी टाकून पाहाव्यात. जोडकाने लिहिलेलं दर्‍या, आणि चौघांचं ते कुटुंब. साठवून, पुन्हा उघडून, शोधून आणि एकदा खोडण्याची कळ दाबून पाहिलं, की ती प्रणाली जोडक सांभाळते की गाळून टाकते हे काही मिनिटांत कळतं.